दोन पेडांची वेणी होत नाही: आठवण आणि अभ्यास गुंफून लेख कसा लिहायचा

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. एक स्वतःची आठवण घ्यायची, एक असा विषय घ्यायचा ज्याचा त्या आठवणीशी वरवर काही संबंध नाही आणि जो वाचून, शोधून, पडताळून लिहावा लागतो. मग दोन्ही थोडे थोडे सांगत जायचं, आलटून पालटून, वेणीसारखं. इंग्रजीत याला 'ब्रेडेड एसे' म्हणतात. आपण वेणीचा लेख म्हणू, कारण आपल्याकडे पेड हा शब्द तयारच आहे आणि तो वापरला की निम्मं काम आपोआप समजतं.

आता वेणी घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, दोन पेडांची वेणी होत नाही. दोन पेड घेतले तर नुसता पीळ पडतो, दाव्यासारखा, आणि सोडला की उलगडतो. वेणीला तिसरा पेड लागतो. मी पहिला लेख लिहिला तेव्हा हे मला माहीत नव्हतं आणि तो लेख अक्षरशः उलगडला, म्हणजे वाचणाऱ्यानं सांगितलं की आजीचा भाग छान आहे, विज्ञानाचा भाग पण छान आहे, पण दोन्ही एकाच लेखात का आहेत ते कळलं नाही. तिसऱ्या पेडाचं पुढे येतोच.

सगळं एकाच उदाहरणावर दाखवतो, माझ्याच लेखाच्या. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं. आठवण आहे आजीच्या पितळी मापट्याची. अभ्यासाचा विषय आहे पॅरिसजवळच्या तिजोरीतला किलो.

आठवण निवडताना: माणूस नको, वस्तू घ्या

'माझी आजी' हा विषय घेतला की लेख श्रद्धांजली होतो. माझं पहिलं पान असंच होतं, आजी पहाटे उठायची, आजीचे हात खरबरीत होते, वगैरे. हे कुणाच्याही आजीबद्दल लिहिता येतं. मग मी वस्तूवर आलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी असते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चुलीवर मातीचं खापर पालथं ठेवायचं, खाली पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ, आणि पोळी लाटायची नाही तर दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद खापरावर टाकायची. तर त्या पुरणाची डाळ आजी एका पितळी मापट्यानं मोजायची. दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हा जुना हिशोब. आजी तसं काही मोजायची नाही, गूळ तर अंदाजानंच टाकायची, मी विचारलं तर म्हणायची "कसाले मोजस रे, हात सांगस." पण डाळ मात्र त्या मापट्यानंच.

त्या वस्तूभोवती काहीतरी घडलेलं असलं पाहिजे, आणि शक्यतो असं काहीतरी जे तुम्हाला आजही नीट उलगडलेलं नाही. माझ्या मापट्याची गोष्ट अशी: माझ्या दोन्ही फुयांच्या, म्हणजे आत्यांच्या, लग्नात आजीनं प्रत्येकीला एकेक मापटं दिलं होतं, आपल्या मापट्याशी डाळ भरून ताडून घेतलेलं. म्हणजे एक मूळ आणि दोन प्रती. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या लाकडी गाड्याच्या चाकाचा खिळा ठोकायला हातोडी म्हणून आजीचं मापटं वापरलं आणि त्याच्या कुशीला मोठा पोचा पडला. मी ते मुकाट्यानं जागेवर ठेवून दिलं. पुढच्या आखाजीला मोठी फुई माहेरी आली, सोबत तिचं मापटं होतं कारण ती डाळ घेऊन आली होती, आणि डाळ ओतताना म्हणाली, "माय, तुन्हं मापटं धाकलं व्हई गयं वं." आजी चुलीपुढून न उठता म्हणाली, "मन्हं से ते से. तुमनंच मोठं व्हई गयं."

बस. एवढीच आठवण. सगळे हसले आणि विषय संपला. मी काही बोललो नाही.

कागदावर उतरवताना एक पथ्य पाळा, पहिल्या खेपेला फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा, वाटलेलं अजिबात नाही. 'मला अपराधी वाटलं' हे वाक्य मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पोचा पडला, मी मापटं भिंतीकडे पोचा करून ठेवलं, एवढं पुरतं, वाचणारा हुशार असतो.

दुसरा विषय: लांबचा हवा, पण त्याला स्वतःची गोष्ट हवी

इथे बहुतेक लोक घसरतात आणि मी पण घसरलो. मी आधी खापराच्या मातीबद्दल वाचायला लागलो, कुंभार माती कशी मळतो, भाजतो किती. माहिती चांगली होती पण ती आठवणीला इतकी चिकटून होती की लेख नुसता माहितीपूर्ण झाला. आजीचं खापर आणि खापराची माती, यात वाचणाऱ्याला ओलांडायला ओढाच नाही, मग पूल बांधून काय करणार.

उलटी चूक म्हणजे फार सुंदर पण थांबलेला विषय घेणं. चंद्र, समुद्र, फुलपाखरू. तुमच्या विषयात काळ पुढे सरकला पाहिजे, आधी एक होतं, मग काहीतरी बिनसलं, मग कुणीतरी काहीतरी ठरवलं. नाहीतर त्याचे तुकडे करता येत नाहीत, पहिल्या तुकड्यातच सगळं सांगून होतं.

किलोची गोष्ट मला भाच्याच्या विज्ञानाच्या पुस्तकामुळे सापडली, मुद्दाम शोधून नाही. थोडक्यात ती अशी. 1889 साली एक धातूचा ठोकळा जगाचा किलो म्हणून ठरवला गेला, नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियम, उंची आणि रुंदी दोन्ही साधारण 39 मिलिमीटर, म्हणजे मुठीत मावेल एवढा. पॅरिसच्या बाहेर सेव्र नावाच्या गावी आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेच्या तिजोरीत तो तीन काचेच्या हंड्यांखाली ठेवलेला. तिजोरीला तीन किल्ल्या, तीन वेगळ्या जणांकडे. त्याच्या प्रती काढून देशोदेशी दिल्या, भारताची प्रत 57 नंबरची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. अधूनमधून प्रती मुळाशी ताडून बघायच्या. 1946 ला बघितलं, मग 1988 ते 1992 मध्ये बघितलं, आणि लक्षात आलं की बहुतेक प्रती मुळापेक्षा जड झाल्यात, शंभर वर्षांत साधारण पन्नास मायक्रोग्रॅमनं. बोटाचा ठसा उमटला तर जेवढं वजन वाढेल, साधारण तेवढं.

आता मजा बघा. तो ठोकळा हाच किलो. व्याख्याच तशी होती. म्हणजे तो हलका झाला असं म्हणायची सोयच नाही, तो झिजला तरी तो एक किलोच, मग बाकीचं सगळं जगच जड झालं म्हणायचं. मी हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं, कारण मला आजीचा आवाज ऐकू आला, तुमनंच मोठं व्हई गयं.

निवडीची कसोटी हीच. दुसऱ्या विषयानं तुमच्या आठवणीला असा प्रश्न विचारला पाहिजे जो तुम्ही स्वतः कधी विचारला नव्हता. मी इतकी वर्षं 'माझी चोरी पकडली गेली नाही' अशीच ती आठवण सांगत होतो. आजी काय म्हणाली याकडे माझं लक्षच नव्हतं. आजीला पोचा माहीत होता का, हा प्रश्न मला त्या ठोकळ्यानं विचारला.

अभ्यास करताना

विषय तुमचा नाही, त्यामुळे इथे घाई केली तर लगेच पितळ उघडं पडतं. मी एक वही केली, डाव्या पानावर माहिती आणि उजव्या पानावर ती कुठून घेतली ते. आकडा दोन ठिकाणी जुळला तरच डाव्या पानावर त्याच्याखाली रेघ. आणि दोन ठिकाणं म्हणजे खरंच वेगळी, एकानं दुसऱ्याचं उचललेलं नको, ते वाक्यरचनेवरून कळतं.

या विषयात तीन जागी पाय घसरतो, आणि प्रत्येक विषयात अशा जागा असतातच म्हणून सांगतोय. एक, बरेच जण बिनधास्त लिहितात की 'किलो हलका झाला.' माहीत फक्त फरक आहे. मूळ झिजलं की प्रतींवर काही बसलं, हे कधीच पक्कं ठरलं नाही. ताडण्याआधी हे ठोकळे अल्कोहोल आणि इथरमध्ये भिजवलेल्या मऊ चामड्यानं पुसतात आणि मग वाफेनं धुतात, तरीही फरक राहिला. आता विचार करा, मी 'हलका झाला' लिहिलं असतं तर माझ्या लेखाचा कणाच मोडला असता, कारण कुणाचं खरं हे न कळणं हाच तर मुद्दा आहे. दुसरी जागा तारखांची. व्याख्या बदलायचं मतदान झालं 16 नोव्हेंबर 2018 ला, व्हर्सायला, आणि बदल लागू झाला 20 मे 2019 पासून, लोक एकच तारीख देऊन मोकळे होतात. तिसरी, नवीन व्याख्या ठोकळ्यावर नाही तर प्लांक स्थिरांक नावाच्या निसर्गातल्या एका ठरलेल्या संख्येवर बसवलेली आहे, म्हणून लगेच 'दुकानातला किलो बदलला' असं कुणी लिहील, तर दुकानातला किलो आहे तिथेच आहे, नवीन व्याख्या मुद्दामच जुन्याशी जुळेल अशी बसवली.

प्लांक स्थिरांक म्हणजे काय हे मी लेखात समजावलं नाही. दोन रात्री वाचून मला स्वतःला जेमतेम कळलं आणि कळल्याकळल्या लिहिलेला दीड पानांचा तुकडा मी काढून टाकला. एखादी गोष्ट समजायला तुम्हाला कष्ट पडले म्हणून ती लेखात राहायला पात्र होत नाही. माझ्या वहीतल्या माहितीपैकी फार तर पाचवा हिस्सा लेखात आलाय.

आणि आठवणीचा पण अभ्यास करा की. हे कुणी करत नाही. मी मोठ्या फुईला फोन केला, मापट्याबद्दल विचारलं, मी काय केलं होतं ते न सांगता. ती म्हणाली पोचा तर आधीपासून होता, तिच्या लग्नाच्या आधी ते विहिरीच्या काठावरून पडलं होतं. मी म्हटलं नाही गं फुई, तुझ्या लग्नानंतर. ती म्हणाली, तू तर तेव्हा जन्माला पण नव्हता. आता आली का पंचाईत. एकदा वाटलं फोन केलाच नसता तर बरं झालं असतं. मग लक्षात आलं की माझ्याकडे दोन प्रती आहेत आणि त्या जुळत नाहीत, आणि ज्या मुळाशी ताडायच्या ती आजी आता नाही. फुईचं म्हणणं जसंच्या तसं लेखात घातलं. तुमच्या आठवणीला घरातलं दुसरं कुणी खोडून काढत असेल तर ते लपवू नका, बऱ्याचदा तोच लेखातला सगळ्यात जिवंत तुकडा निघतो.

तिसरा पेड

तिसरा पेड म्हणजे आत्ताचा काळ. लिहिणारा आज काय करतोय. आठवण भूतकाळात घडून गेलेली, किलोचा निकाल पण लागलेला, दोन्हीकडे आता काही हलत नाही. काहीतरी हललं पाहिजे, आणि ते तुम्हीच हलवायचं.

मी गावी गेलो, माळ्यावरच्या पेटीतून आजीचं मापटं काढलं. मग धरणगावला फुईकडे गेलो, तिचं मापटं मागितलं. तिनं ते आता कपड्यांच्या सोड्यासाठी ठेवलंय, धुवून पुसून दिलं. दोन्हीत हरभऱ्याची डाळ काठोकाठ भरून हातानं सपाट केली आणि तिच्या नातवाच्या डिजिटल काट्यावर ठेवली, मापट्याचं वजन वजा करून. आजीच्या मापट्यात 432 ग्रॅम डाळ मावली, फुईच्या 451. एकोणीस ग्रॅमचा फरक. हा पेड लेखात सगळ्यात छोटा आहे, जेमतेम दोन तुकडे, पण त्याच्यामुळे वाचणाऱ्याला पुढे जायचं कारण मिळतं, फरक निघतो का आणि किती, हे त्याला बघायचं असतं.

पेड ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाचा काळ वेगळा ठेवा. माझी आठवण साध्या भूतकाळात आहे, किलो 'आहे, असतो' असा वर्तमानात आणि मधे तारखा, आणि आजचा पेड चालू वर्तमानात, मी डाळ भरतोय, फुई बघतेय. असं केलं की मधे चांदण्या टाकायची, मथळे द्यायची गरज पडत नाही, पहिल्या वाक्याच्या क्रियापदावरूनच माणूस ओळखतो आपण कुठे आलो.

क्रम: कुठली गोष्ट कधी कळू द्यायची

खरं काम इथे आहे, बाकी सगळं तयारी.

प्रत्येक पेडाचा एकेक तुकडा वेगळ्या कागदावर प्रिंट काढा, एका बाजूनं, आणि खरंच जमिनीवर मांडा. स्क्रीनवर वरखाली करून हे जमत नाही, मी प्रयत्न केलाय. माझे नऊ तुकडे होते. मी ओसरीवर मांडले आणि वारा नको म्हणून प्रत्येकावर शेंगांची मूठ ठेवली, मग ते हलवत बसलो.

पहिल्यांदा मी आठवण आधी पूर्ण करून टाकली होती, मापटं, खिळा, पोचा, फुईचं बोलणं, आजीचं उत्तर, आणि मग किलो. त्यात किलो नुसता स्पष्टीकरण देणारा मास्तर झाला. आजी गमतीत बोलली आणि मग पॅरिसनं येऊन सांगितलं की त्याचा अर्थ असा असा. दुसऱ्यांदा उलटं केलं, किलोची सगळी गोष्ट आधी, मग आजी नुसती उदाहरण झाली, ते तर अजून वाईट.

मग एक कागद घेतला आणि त्यावर लिहिलं, प्रत्येक पेडात लपवण्यासारखं काय आहे. आठवणीत दोन गोष्टी होत्या, मी पोचा पाडला हे आणि आजीचं उत्तर. किलोतही दोनच, प्रती जुळेनाशा झाल्या हे आणि मूळ चुकूच शकत नाही हे. आजच्या पेडात फक्त एक, एकोणीस ग्रॅम. म्हणजे लेखाचा क्रम हा या पाच गोष्टींचा क्रम, तुकड्यांचा नाही. आणि मला असं वाटलं की 'मूळ चुकूच शकत नाही' हे वाचणाऱ्याला आजीच्या उत्तराच्या थोडंसंच आधी कळलं पाहिजे, इतकं आधी की ते उत्तर आल्यावर मला काही समजावावं लागू नये, आणि इतकं उशिरा की त्याला ते अजून ताजं असावं.

शेवटी असं बसलं. खापर आणि मापटं, साधारण अडीचशे शब्द. मग तिजोरी आणि तीन किल्ल्या. मग फुयांची लग्नं आणि ताडून दिलेली मापटी. मग देशोदेशी गेलेल्या प्रती, 57 नंबर दिल्लीला. मग आज, माळ्यावरची पेटी, आणि मापट्याचा पोचा पहिल्यांदा इथे दिसतो, पण कसा पडला ते सांगितलेलं नाही. मग खिळा, गाडा, मी. मग प्रती जुळत नाहीत, पन्नास मायक्रोग्रॅम आणि मूळ चुकूच शकत नाही, हा लेखातला सगळ्यात लांब तुकडा. मग ती आखाजी, फुईचं बोलणं आणि आजीचं उत्तर, फक्त ऐंशी शब्द. मग आज परत, डिजिटल काटा, आणि त्यातच फुईचं 'पोचा आधीपासून होता.'

बघा, एकाआड एक असं काटेकोर नाहीये. एका जागी आज आणि खिळा लागोपाठ आलेत, कारण पोचा दिसल्यावर वाचणाऱ्याला लगेच पॅरिसला नेलं असतं तर ती मुद्दाम केलेली अडवणूक वाटली असती. मतदानाचा आणि नव्या व्याख्येचा भाग नऊच्या नऊ तुकड्यांत कुठेच बसला नाही, शेवटी काट्याच्या तुकड्यात दोन वाक्यांत आला.

सांधे

दोन तुकडे जिथे भेटतात तिथे जोडणारं वाक्य लिहायची फार ऊर्मी येते. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं हे बघा:

'जसा पॅरिसचा किलो शंभर वर्षांत बदलला, तसंच माझ्या आजीचं मापटंही काळाच्या ओघात बदललं होतं.'

हे वाक्य वाचणाऱ्याच्या हातातून काम काढून घेतं. शिवाय खोटं आहे, काळाच्या ओघात काही बदललं नव्हतं, मी खिळा ठोकला होता. आता तोच सांधा दुसऱ्या पद्धतीनं:

'मी मापटं जागेवर ठेवलं, पोचा भिंतीकडे.

सेव्रच्या तिजोरीतून ठोकळा बाहेर काढतात तेव्हा त्याला उघड्या हातानं कुणी शिवत नाही.'

दोन्हीकडे हात आहे, एकीकडे माझा आणि दुसरीकडे न लागणारा. मी 'हात' हा धागा म्हणून काही ठरवून घेतला नव्हता, आजीचं 'हात सांगस' पहिल्याच तुकड्यात होतं, मग शोधत गेलो की किलोच्या गोष्टीत हात कुठे कुठे येतात, आणि ते पन्नास मायक्रोग्रॅम बोटाच्या ठशाएवढे निघाले तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. असा एखादा शब्द दोन्ही पेडांत आधीच पडलेला असतो. सापडला तर प्रत्येक सांध्यावर वापरू नका, दोन किंवा तीन ठिकाणी बास, नाहीतर युक्ती दिसायला लागते.

खर्ड्यात 'जसं', 'तसंच', 'त्याचप्रमाणे', 'अगदी तसाच' हे शब्द शोधा. माझ्यात अकरा निघाले. सगळे काढले, आणि दोन ठिकाणं सोडली तर कुठेही काही अडलं नाही, त्या दोन ठिकाणी मात्र कळलं की तुकडे मुळात एकमेकांशेजारी असायलाच नको होते.

वेणी बसली की नाही ते कसं कळतं

एक पेड पूर्ण उपसून काढा आणि उरलेलं वाचा. काहीच बिघडलं नाही तर तो पेड शोभेचा होता. खापराच्या मातीचा पेड मी काढला तेव्हा लेख उलट सुधारला, तिथेच समजलं. किलो काढला तर आजीचं उत्तर नुसता विनोद होतो. आठवण काढली तर किलोचा लेख कुठेही छापून येईल असा होतो, बरा, पण माझा नाही. आज काढला तर दोन पेडांचा पीळ उरतो.

दुसरी खूण म्हणजे मोठ्यानं वाचताना कुठे घाई होते. मला प्रत्येक वेळी दिल्लीच्या प्रतीच्या तुकड्यात घाई व्हायची, म्हणजे मलाच परत आजीकडे जायचं होतं. तो तुकडा निम्मा केला.

शेवटाबद्दल एवढंच की माझ्या खर्ड्यात शेवटी चार ओळी होत्या, प्रेम कशानं मोजायचं वगैरे. त्या ओळी वाचून माझी बायको म्हणाली, हे लग्नाच्या पत्रिकेवर छापा. आता लेख काट्यावरच्या आकड्यावर आणि फुईच्या बोलण्यावर थांबतो.

आणि छापायला किंवा कुठे टाकायला देण्याआधी लेखात जो माणूस आहे त्याला तो वाचून दाखवा. मी फुईला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. खिळ्याचा तुकडा आला तेव्हा ती काही बोलली नाही. किल्ल्या, ठोकळा, वाफेनं धुणं, सगळं शांतपणे ऐकलं. एकोणीस ग्रॅमवर मात्र तिनं थांबवलं.

"दाय कोरडी व्हती का भिजेल?"

कोरडी होती. पण लेखात तसं कुठे लिहिलंच नव्हतं, म्हणून तो एक शब्द घातला.